दुसरी बाजू

त्या गुरुवारी रात्री साडेनऊच्या सुमाराला पोलंडमधल्या क्राकोवहून एका सहकाऱ्याचा दोन ओळींचा मेसेज आला. ‘तुझं रेकॉर्डिंग पाहिलं. माझा प्रश्न गेल्या शुक्रवारपासून तिकिटावर आहे.’ एवढंच. पुढे हसरा चेहरा नाही, ‘काही हरकत नाही’ नाही. रत्नागिरीत आषाढाचा पाऊस कोसळत होता, मागच्या पडवीच्या पत्र्यावर त्याचा असा आवाज होता की आई स्वयंपाकघरातून काय विचारतेय ते मला कळत नव्हतं. मी ताटावरून उठले, हात धुतले आणि लॅपटॉप उघडला. ते तिकीट, म्हणजे त्या कामाची ऑनलाइन नोंद, मी दुपारीच पाहिलं होतं. दुपारी मी त्याचं फक्त डोकं पाहिलं होतं: कोणाच्या नावावर आहे, स्टेटस काय आहे, कधी उघडलं. नाव त्याचं होतं, स्टेटस ‘काम सुरू’ होतं, उघडून नऊ दिवस झाले होते. आता रात्री मी खाली सरकत गेले आणि सातव्या कमेंटमध्ये तो प्रश्न सापडला. शुक्रवार, संध्याकाळचे पाच. स्वच्छ, नेमका, नम्र प्रश्न. त्याखाली सहा दिवस कोणाचंही उत्तर नव्हतं.

आणि त्या दिवशी दुपारी चार वाजता मी कॅमेऱ्याकडे बघून, ठाम आवाजात, त्याचं नाव घेऊन सांगितलं होतं की टेस्ट डेटा नऊ दिवस त्याच्याकडे पडून आहे.

आमची टीम नऊ जणांची. तिघं पुण्यात, एक जण नागपूरला, एक बेळगावात, दोघं क्राकोवमध्ये, एक टोरांटोत आणि मी रत्नागिरीच्या घरी, मागच्या खोलीत. दवाखान्यांचे विम्याचे दावे तपासणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. पूर्वी दर आठवड्याला सगळ्यांची एकत्र मीटिंग असायची, आमच्या दुपारी चारला. तेव्हा उन्हाळ्यात क्राकोवला साडेबारा वाजलेले असतात आणि टोरांटोत सकाळचे साडेसहा. टोरांटोचा सहकारी दोन वर्षं त्या मीटिंगला कॅमेरा बंद ठेवून येत राहिला. एकदा त्याचा माइक चुकून चालू राहिला आणि लहान मुलाचं झोपेतलं रडणं सगळ्यांना ऐकू आलं. पुढच्याच आठवड्यात मी ती मीटिंग बंद केली आणि त्याऐवजी दर गुरुवारी तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग ठेवायला लागले. काय झालं, काय अडलं, कोणाचे आभार. ज्याला जेव्हा सवड, तेव्हा त्याने पाहावं. आमच्या नऊ जणांशिवाय शेजारच्या टीममधले लोक, माझे वरिष्ठ आणि क्राकोवच्या डेटा टीमचे प्रमुखही ते पाहतात. त्या गुरुवारी रात्री साडेनऊपर्यंत 31 जणांनी ते पाहिलेलं होतं. क्राकोवच्या प्रमुखांचं नाव त्या यादीत चौथं होतं.

गुरुवार मी विचार करूनच निवडला आहे. शुक्रवारी संध्याकाळी ठेवलेलं रेकॉर्डिंग लोक सोमवारी पाहतात, आणि तोपर्यंत त्यातली अडचण एकतर सुटलेली असते किंवा दुप्पट झालेली असते. गुरुवारी ठेवलं की हातात शुक्रवारचा एक दिवस उरतो. तीन वाजता मी पाठकोरा कागद घेते, आईच्या औषधांच्या जुन्या बिलाचा नाहीतर विजेच्या बिलाचा, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर मुद्दे लिहिते. पूर्ण वाक्यं लिहीत नाही, कारण लिहिलेलं वाचलं की डोळे ओळीवरून सरकताना कॅमेऱ्यात दिसतात आणि आवाज शाळेतल्या प्रतिज्ञेसारखा होतो. माझ्या बोलण्याच्या वेगाने मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द होतात, म्हणजे तीन मिनिटांत पावणेचारशे. त्यात झालेल्या कामाला एक मिनिट, अडचणींना सव्वा, आभारांना पाऊण. पावसाळ्यात खिडकीवर गोधडी टांगावी लागते. आवाजातला गोंगाट कापणारी सोय आहे, पण ती पंख्याच्या सरळ घरघरीला चांगली. पत्र्यावरच्या सरी कापताना ती माझे ‘स’ आणि ‘श’ही कापते आणि मी पाण्याखालून बोलतेय असं ऐकू येतं. जाडजूड गोधडीचा उपयोग त्याहून जास्त होतो.

पहिलं मिनिट मला कधी फार छळत नाही. कोणी किती तिकिटं बंद केली ते मी सांगत नाही. गेल्या गुरुवारी जे होत नव्हतं आणि आज होतं, तेवढंच सांगते. ‘गेल्या आठवड्यात दाव्याला कागदपत्रं जोडता येत नव्हती. आज जोडता येतात. 10 एमबीपेक्षा मोठी फाइल मात्र अजून अडकते.’ ते ‘मात्र’ असलं की ऐकणाऱ्याचा बाकीच्या वाक्यावर विश्वास बसतो. कस लागतो तो दुसऱ्या भागात.

अडचण सांगणं म्हणजे कुरकुर करणं नव्हे, हे मला शिकायला बराच वेळ लागला. ‘डेटा मिळत नाहीये, त्रास होतोय’ एवढं म्हटलं तर 31 माणसं सहानुभूतीने मान हलवतात आणि पुढच्या कामाला लागतात. ऐकणाऱ्यातल्या एखाद्याने खुर्चीतून उठून काही करावं असं वाटत असेल तर वाक्य भरावं लागतं. काय अडलं आहे, कधीपासून, कशाची वाट आहे, किती तारखेपर्यंत मिळालं नाही तर काय थांबेल. मी वर्षभर हे असंच भरून सांगत होते आणि त्याचा उपयोगही होत होता. एकदा सर्व्हरच्या परवानगीसाठी तीन आठवडे रखडलेलं काम अशाच एका वाक्यानंतर 40 मिनिटांत झालं होतं, कारण ऐकणाऱ्यांतल्या एकाला योग्य माणूस ठाऊक होता. त्यामुळे माझा त्या वाक्यावर फार विश्वास बसला होता. त्यातला ‘कोणाकडे’ हा शब्द आपण किती सहज भरतो, हे मी तपासलंच नव्हतं.

त्या तिकिटाची गोष्ट अशी होती. आम्हाला चाचणीसाठी खऱ्यासारखा डेटा हवा होता. रुग्णांचा खरा डेटा चाचणीला वापरता येत नाही, वापरूही नये. म्हणून डेटा टीम खऱ्या डेटाची प्रत घेऊन त्यातली नावं, पत्ते, जन्मतारखा झाकून देते. मंगळवारी आमच्या नागपूरच्या टेस्टरने तिकीट उघडलं. क्राकोवच्या सहकाऱ्याने तीन दिवसांत जवळजवळ सगळं झाकून टाकलं. मग तो ‘नोंदी’ नावाच्या रकान्यापाशी थांबला. त्या रकान्यात दवाखान्यातल्या परिचारिकांनी मोकळेपणाने लिहिलेलं असतं. ‘मुलाशी बोलणं झालं, फोन अमुक अमुक.’ ‘शेजारच्या खाटेवरच्या अमक्या आजींनी औषध बदलून घेतलं.’ नावाचा रकाना झाकता येतो, पण वाक्यात मध्येच आलेलं नाव रकान्यावरून ओळखता येत नाही. त्याने विचारलं होतं: हा रकाना पूर्ण रिकामा करू का? केला तर माहिती सुरक्षित राहील, पण तुमची नोंदींमधल्या शोधाची चाचणी होऊच शकणार नाही. ठरवायचं तुम्ही.

ठरवायचं होतं मी. तिकिटावरची कमेंट ज्याने तिकीट उघडलं त्याला कळवली जाते, आणि नागपूरची टेस्टर त्या शुक्रवारपासून बहिणीच्या लग्नासाठी रजेवर होती. त्याने माझं नाव जोडलं नव्हतं, कारण तिकीट उघडणारा माणूस उत्तर देईल असं धरून चालणं अगदी रास्त होतं. ‘वाट पाहत आहे’ असं स्टेटस आमच्याकडे नव्हतंच; होतं ते ‘काम सुरू’ आणि ‘काम झालं’. म्हणजे सहा दिवस काम अडलेलं होतं माझ्यापाशी, आणि पाटी होती त्याच्या नावाची. मी पाटी वाचली आणि ती जगाला वाचून दाखवली.

समोरासमोरच्या मीटिंगमध्ये हे घडलंच नसतं. मी नाव घेतलं असतं, त्याने माइक चालू केला असता, ‘एक मिनिट, मी शुक्रवारी विचारलंय,’ असं म्हटलं असतं, मी तिथल्या तिथे ‘अरे हो, माझी चूक’ म्हटलं असतं आणि सगळे पुढे गेले असते. दहा सेकंद. रेकॉर्डिंगमध्ये ते दहा सेकंद नसतात. तिथे माझं बोलणं अखंड असतं, नीट कापलेलं, गोधडीमागे रेकॉर्ड केलेलं. त्याच्यासमोर एक बटण असतं थांबवायचं, आणि थांबवलं तरी त्याचा आवाज त्यात शिरत नाही.

त्या रात्री झोप आली नाही. विजा होत होत्या, दोनदा दिवे गेले, इन्व्हर्टर कुरकुरून पुन्हा चालू झाला. आणि मला मस्कतच्या कॅसेटची आठवण झाली.

1986 साल असेल. माझा मामा मस्कतला होता. आमच्या आळीतल्या चार-पाच घरांमधले कोणी ना कोणी आखातात होते आणि फोन करणं परवडण्यासारखं नव्हतं, म्हणून पत्रांच्या जोडीला कॅसेटी यायच्या. टपालाने सहसा नाही. कोणी सुट्टीवर येणार असला की त्याच्या बॅगेत. साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला तीस मिनिटं. मामानेच आदल्या वर्षी आणलेला नॅशनल पॅनासॉनिकचा टेपरेकॉर्डर आई पदराने पुसून ओटीवर ठेवायची, आजी भिंतीला टेकून बसायची, शेजारच्या काकू, त्यांची सून, आम्ही मुलं, सगळे गोल. बटण दाबलं की आधी खरखर, मग लांबून एसीचा आवाज, मग मामाचा घसा खाकरणं. तो क्रमाने सगळ्यांची नावं घ्यायचा. आई कशी आहेस, गुडघा कसा आहे. ताई, तू पाठवलेली आमसुलं पोचली. प्रत्येक जण आपलं नाव यायची वाट बघत बसलेला असायचा आणि नाव आलं की त्या माणसाचा चेहरा बदलायचा. मी सात वर्षांची होते. माझं नाव शेवटी यायचं, म्हणून मला कॅसेटचा शेवटचा भाग सगळ्यात जास्त आवडायचा.

त्या वर्षीच्या कॅसेटमध्ये मध्येच मामा म्हणाला, ‘जमिनीच्या फेरफाराचं काम भावोजींनी मनावर घेतलेलं दिसत नाही. सहा महिने झाले. त्यांना सांगा, मी इथे पैसे बाजूला ठेवून बसलोय.’ ओटीवर कोणी हललं नाही. बाबा दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. ते तलाठ्याकडे चार वेळा जाऊन आले होते हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. शेवटच्या खेपेला मी त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून गेले होते आणि चावडीसमोरच्या दुकानात त्यांनी मला लिमलेटच्या गोळ्या घेऊन दिल्या होत्या. फेरफाराची नोंद झालीही होती. ते कळवणारं पत्र बाबांनी मस्कतला टाकलं होतं, आणि ही कॅसेट बोलून झाल्यावर ते पत्र तिथे पोचलं असणार. मामा खोटं बोलत नव्हता. त्याला जितकं माहीत होतं तितकं तो बोलला होता. पण त्याचा आवाज ओटीभर पसरला होता आणि बाबांना त्या आवाजाला मध्येच थांबवून ‘अहो, झालंय ते’ असं सांगता येत नव्हतं. काकू होत्या, त्यांची सून होती. बाबा काही न बोलता मागच्या दारी गेले. रहाटाचा आवाज आला. पाणी भरलेलंच होतं, तरी ते काढत राहिले.

गुरुवारी रात्री मला ऐकू येत होता तो रहाट.

शुक्रवारी सकाळी मी आधी तिकिटावर उत्तर लिहिलं. विचार करायला लागली ती फक्त 20 मिनिटं: रकाना पूर्ण रिकामा करा, आणि चाचणीपुरत्या 200 खोट्या नोंदी आम्ही लिहून देतो. पुण्यातल्या दोघांनी आणि मी मिळून शनिवार न मोडता सोमवार दुपारपर्यंत त्या लिहिल्या. मंगळवारी डेटा आला. सहा दिवसांच्या अडचणीचं आयुष्य एवढंच होतं.

रेकॉर्डिंगचं काय करायचं हे मात्र कळेना. पहिला मोह झाला ते गुपचूप काढून टाकायचा आणि ते वाक्य वगळून नवं ठेवायचा. पण 31 जणांनी ते पाहिलं होतं. काढून टाकलं असतं तर त्यांच्या डोक्यातलं वाक्य तसंच राहिलं असतं, वर पुरावा नाहीसा झाला असता, आणि त्याला उद्या कोणाला दाखवून ‘बघा, हे चुकीचं होतं’ असं म्हणायची सोयही उरली नसती. मी ते तसंच ठेवलं. वर्णनाच्या पहिल्या ओळीत लिहिलं की 1 मिनिट 22 सेकंदांपाशी मी सांगितलेलं चूक आहे. प्रश्न शुक्रवारपासून माझ्या उत्तराची वाट पाहत होता. त्याच्या प्रमुखांना मी स्वतंत्र लिहिलं. त्याला फोन केला. तो म्हणाला ठीक आहे, असं होतं. आवाजात राग नव्हता; पण माझ्याशी बोलताना तो एरवी जसा हवेबद्दल, सायकलबद्दल दोन वाक्यं जास्त बोलतो, ती बोलला नाही.

पुढच्या गुरुवारी रेकॉर्डिंगची सुरुवातच मी दुरुस्तीने केली. पंचवीस सेकंद. ते पाहिलं 19 जणांनी. उरलेल्या बारांनी चूक ऐकली आणि दुरुस्ती ऐकली नाही, आणि ते बारा जण कोण होते हे यादी बघून मला कळत होतं. त्यांना एकेकाला लिहायचं का, यावर मी दोन दिवस घालवले. तिघांना लिहिलं, ज्यांचा त्याच्या कामाशी रोजचा संबंध होता. बाकीच्यांना लिहिलं असतं तर मी त्याच्याविषयी आणखी एकदा, नऊ ठिकाणी, त्याला न विचारता बोलले असते. हा निर्णय बरोबर होता की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही.

मग आभारांचा पाऊण मिनिट होता. त्या आठवड्यात त्याचे आभार मानायची माझी फार इच्छा होती. नोंदींच्या रकान्यापाशी थांबणं हे खरोखरच मोठं काम होतं. न थांबता त्याने डेटा तसाच दिला असता तर एखाद्या आजीचं नाव, तिच्या मुलाचा फोन नंबर आमच्या चाचणीच्या पडद्यावर आला असता, आणि कोणाच्या लक्षातही आलं नसतं. हे सांगण्यासारखं होतं. पण दुरुस्तीनंतर दोन मिनिटांनी म्हटलेलं ते ऐकताना भरपाईसारखंच वाटलं असतं, आणि त्याच्या कामाची किंमत माझ्या चुकीला बांधली गेली असती. मी ते तीन आठवडे ठेवून दिलं. पाठकोऱ्या कागदावर दर गुरुवारी त्याचं नाव लिहायचे आणि बोलायच्या आधी खोडायचे.

त्या तीन आठवड्यांत मी जुने कागद काढून बसले. फेकत नाही मी ते. बिलांच्या मागे लिहिलेलं असल्यामुळे बिलांबरोबर फायलीत राहतात. चौदा आठवड्यांचे कागद जमिनीवर पसरून मी आभारांची नावं मोजली. नागपूरच्या टेस्टरचं नाव सहा वेळा. पुण्यातल्या तिघांची मिळून अकरा वेळा. टोरांटोच्या सहकाऱ्याचं नाव एकदाही नव्हतं. तोच, ज्याच्या मुलाच्या रडण्यामुळे हे सगळं सुरू झालं. मी फार वेळ त्या कागदांकडे बघत बसले. तो बॅकअप सांभाळतो, रात्री काही बंद पडलं तर त्याच्या दिवसात ते येतं आणि आम्ही सकाळी उठायच्या आत नीट झालेलं असतं. त्याचं काम नीट झालं की काहीच घडत नाही. आणि माझं पहिलं मिनिट घडलेल्या गोष्टींचं, दुसरं अडलेल्या गोष्टींचं, तिसरं त्या दोन्हींशी संबंधित माणसांचं. जे घडूच दिलं नाही त्याला माझ्या तीन मिनिटांत जागा नव्हती. चौदा आठवडे तो शेवटपर्यंत ऐकत होता का, हे पाहायची सोय होती. मी पाहिलं. ऐकत होता, प्रत्येक वेळी, तीनही मिनिटं.

ओटीवर शेवटी नाव यायची वाट बघणारी मुलगी मी होते, आणि मलाच हे दिसलं नाही.

त्या गुरुवारी मी त्याचे आभार मानले. ‘गेल्या चौदा आठवड्यांत आपण रात्री चार वेळा बंद पडलो आणि एकदाही सकाळी कोणाला ते कळलं नाही, ते याच्यामुळे,’ असं, त्या चारही रात्रींच्या तारखांसह. तारखा त्याच्याच नोंदवहीतून काढल्या होत्या. आपोआप उमटणाऱ्या अक्षरांमध्ये त्याचं आडनाव चुकलं. त्यात ‘ळ’ आहे आणि ते यंत्र ‘ळ’ला कधी ‘ल’ करतं, कधी भलताच इंग्रजी शब्द. आता मी रेकॉर्डिंग ठेवण्याआधी निदान आभारांच्या पाऊण मिनिटातली अक्षरं हाताने दुरुस्त करते. पाच मिनिटांचं काम आहे.

बेळगावच्या सहकारिणीने मला आणखी एक गोष्ट शिकवली. एका रविवारी तिने बसून हिशेबाची मोठी चूक शोधून काढली होती. मी रेकॉर्डिंगआधी तिला कळवलं की तुझं नाव घेणार आहे, रविवारचा उल्लेख करून. तिचा लगेच फोन आला. ‘ताई, नाव घ्या, रविवार नको. एकदा म्हटलं की पुढच्या वेळी सगळ्यांना वाटेल, हिला रविवारी विचारलं तरी चालतं.’ मी रविवार गाळला, आणि ती चूक मिळाली नसती तर किती दावे चुकीच्या रकमेचे गेले असते ते सांगितलं. तिचं ते वाक्य मी कागदाच्या डोक्यावर लिहून ठेवलं आहे. रात्री दोनपर्यंत जागल्याबद्दल, ताप असताना कामाला बसल्याबद्दल आभार मानले की उरलेले आठ जण ऐकतात ते असं, की इथे हे अपेक्षित आहे.

म्हणून आता दर बुधवारी संध्याकाळी ज्यांची ज्यांची नावं येणार आहेत त्यांना मी ती वाक्यं पाठवते. अडचणीतही आणि आभारांतही. अडचणीत तर माणसाचं नाव जवळजवळ कधीच नसतं; असतो तो प्रश्न, तो कशासाठी थांबला आहे, आणि कोणता निर्णय हवा आहे. तिकिटांना आम्ही एक तिसरं स्टेटस जोडलं, ‘उत्तराची वाट’, आणि ते लावताना कोणाच्या उत्तराची, ते लिहावंच लागतं. पहिल्या महिन्यात त्यात सगळ्यात जास्त वेळा माझं नाव आलं. बुधवारच्या या फेरीला तास-दीड तास जातो. तीन मिनिटांसाठी एवढा वेळ द्यायचा का, असं माझ्या वरिष्ठांनी विचारलं. मी हो म्हटलं.

पण तरीही एक गोष्ट टोचत राहिली होती. आधी विचारून बोलले तरी बोलणारी मीच होते. नव्वद टक्के लोक मला दीडपट वेगाने ऐकतात, म्हणजे तीन मिनिटांची दोनच होतात, आणि त्या दोन मिनिटांत नऊ जणांचा आठवडा माझ्या तोंडून, माझ्या क्रमाने जातो.

मस्कतच्या त्या कॅसेटचं पुढे काय झालं, ते मला आईने या पावसाळ्यात सांगितलं. मी अंथरुणात होते हे मला आठवत होतं, बाबांचा हळू आवाज आठवत होता. शब्द आठवत नव्हते. मामा कॅसेटची एकच बाजू भरायचा. शेवटी दर वेळी म्हणायचा, ‘दुसरी बाजू तुमच्यासाठी रिकामी ठेवली आहे.’ एरवी ती बाजू आई-आजी भरायच्या. त्या रात्री सगळे झोपल्यावर बाबांनी टेपरेकॉर्डर ओटीवरून आत आणला, कॅसेट उलटी केली आणि लाल बटण दाबलं. जन्मात पहिल्यांदा ते त्यात बोलत होते. फेरफाराची नोंद कोणत्या तारखेला झाली, तलाठी कोण, पत्र किती तारखेला टाकलं, एवढं बोलले. मग बराच वेळ नुसती खरखर. मग, आई म्हणाली, ते म्हणाले, ‘तिकडे उकाडा फार असेल. जपून रहा.’ आणि बटण बंद केलं. मामाने ती बाजू शेवटपर्यंत पुसली नाही. परत येताना घेऊन आला.

पुढच्या बुधवारी मी क्राकोवला लिहिलं. या आठवड्यात अडचणींपैकी एक तुझ्या कामाची आहे, माझ्या सव्वा मिनिटातली 40 सेकंदं तू बोलशील का, मी काही कापणार नाही. त्याचं उत्तर यायला रात्र झाली. ‘प्रयत्न करतो,’ एवढंच.

गुरुवारी दुपारी चारच्या आधी त्याची फाइल आली. मी हेडफोन लावले. तो नव्या डेटाबद्दल बोलत होता, तारखा कधी येतील, कोणत्या परवानगीसाठी थांबला आहे, कोणाला विचारून ठेवलं आहे. मध्येच खिडकीतून तुतारीचा सूर आला. तिथल्या जुन्या चौकातल्या सेंट मेरी चर्चच्या मनोऱ्यावरून दर तासाला एक जण तुतारी वाजवतो, ती धून मध्येच, अर्ध्या सुरावर तुटते. शतकानुशतकं ती वाजवत आले आहेत, असं त्यानेच मला कधीतरी फोनवर सांगितलं होतं. तो बोलता बोलता थांबला. धून तुटेपर्यंत गप्प बसला. मग म्हणाला, ‘बारा वाजले,’ आणि उरलेलं वाक्य पूर्ण केलं.

सगळं मिळून 58 सेकंद झालं होतं. माझ्या आभारांचा भाग मी 18 सेकंदांनी कमी केला आणि त्याची फाइल होती तशी मधे जोडली.